बिलाचा स्क्रीनशॉट आणि हिशेबाची शीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रामबागेतल्या मंडळाच्या महाप्रसादाचा किराणा सियागंजातून येतो. बिल मात्र कागदावर क्वचितच हाती पडते. दुकानदार संगणकावर बिल बनवतो, त्याचा स्क्रीनशॉट घेतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. ते आकडे हिशेबाच्या शीटमध्ये उतरवणे हे खजिनदाराचे काम. इंदूरमधल्या दुसऱ्या मंडळांचे हिशेब पाहणारे काका-मावशी आणि मदतीला बसणारी कॉलेजातली मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. बिलातले आकडे पडद्यावर दिसतात तसेच, इंग्रजी अंकांत ठेवले आहेत.

स्क्रीनशॉटमधूनच आकडे काढायला हवेत का?

आधी दुकानदाराला विचारा, "भैया, इसकी एक्सेल फाइल मिल जाएगी क्या?" बिल बनवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमधून एक्सेल किंवा पीडीएफ काढता येते. पीडीएफ आली तर तिच्यातला एखादा आकडा माऊसने निवडून पाहा. निवडला गेला तर ते खरे अक्षर आहे, चित्र नव्हे. तो सरळ कॉपी करा, ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणे, म्हणजे ओसीआर, ही शेवटची वाट आहे. तिथे प्रत्येक आकडा हा एक अंदाज असतो आणि तो अंदाज तपासण्याचे काम आपल्या अंगावर येते.

एक्सेलमध्ये हे नेमके कसे करायचे?

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये वर `Data` टॅब उघडा आणि `From Picture` निवडा. तिथे दोन पर्याय दिसतात. चित्र फाइलमध्ये असेल तर `Picture From File`, नुकतेच कॉपी केले असेल तर `Picture From Clipboard`. थोड्या वेळाने उजवीकडे एक पट्टी उघडते. त्यात चित्र आणि त्यातून वाचलेला तक्ता दोन्ही दिसतात आणि ज्या चौकटींबद्दल प्रोग्रामला शंका आहे त्या रंगवलेल्या असतात. `Review` दाबले की तो एकेका शंकेच्या जागी नेतो, चित्राचा तेवढाच तुकडा दाखवतो आणि दुरुस्ती करू देतो. शेवटी `Insert Data`. मोबाइलच्या एक्सेल ॲपमध्येही कॅमेऱ्यातून तक्ता घेण्याची सोय आहे.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. ही सोय इंग्रजी आणि तत्सम रोमन लिपीतल्या भाषांसाठी आहे. मालाची नावे देवनागरीत असतील तर तो रकाना बिघडतो. अशा वेळी मी फक्त आकड्यांचे रकाने कापून घेते आणि नावे हाताने लिहिते. नावे पाच-पन्नास असतात आणि ती लिहिताना चूक झाली तर डोळ्यांना लगेच दिसते. आकड्यांचे तसे नसते.

एक्सेल नसेल तर?

चित्र गूगल ड्राइव्हवर टाका, त्यावर उजवी क्लिक करून `Open with` मधून `Google Docs` निवडा. चित्राखाली वाचलेला मजकूर येतो. हिंदी-मराठीही बऱ्यापैकी वाचली जाते. पण तक्ता तक्त्याच्या रूपात राहीलच असे नाही. कधी एकेक ओळ सलग येते, कधी आधी सगळी नावे आणि मग सगळे दर अशी उभी रांग येते. ती शीटमध्ये लावताना एक जागा रिकामी असली तर खालचे सगळे एका घराने वर सरकते. म्हणून चिकटवल्यावर सगळ्यात आधी प्रत्येक रकान्यात सारख्याच ओळी आहेत ना, हे मोजून घ्या.

ज्यांना बिल कुठल्याही वेबसाइटवर चढवायचे नाही, त्यांच्यासाठी टेसेरॅक्ट हा मोफत, खुल्या स्रोताचा प्रोग्राम आहे. तो आपल्याच संगणकावर चालतो. ज्याला काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची सवय आहे, त्याला ही एक ओळ पुरते:

```
tesseract bill.png bill -l eng --psm 6 tsv
```

यातून `bill.tsv` नावाची फाइल तयार होते. प्रत्येक शब्दाची जागा आणि तो किती खात्रीने वाचला याचा आकडा `conf` या रकान्यात मिळतो. रकाने मात्र आपले आपल्याला जुळवावे लागतात. वर्गणीच्या यादीत लोकांचे मोबाइल नंबर असतील किंवा पासबुकाचे पान असेल, तर कुठल्या तरी अनोळखी "मोफत कन्व्हर्टर"वर ते टाकण्यापेक्षा हा त्रास परवडला.

स्क्रीनशॉट कसा असला तर वाचन चांगले होते?

अक्षरे मोठी हवीत, एवढे एक पाळले तरी खूप फरक पडतो. गूगल ड्राइव्हच्या मदतपानावर अक्षरांची उंची किमान १० पिक्सेल असावी असे म्हटले आहे. ती अगदी खालची पायरी समजा. इतक्या लहान आकारात 3 आणि 8 यांच्यात फरक करणारी डावीकडची फट एखाद-दुसऱ्या पिक्सेलचीच उरते. म्हणून बिल पडद्यावर असतानाच दीडपट-दुप्पट मोठे करा आणि मग स्क्रीनशॉट घ्या. एका चित्रात बसत नसेल तर दोन घ्या. आधीच घेतलेले लहान चित्र नंतर ताणून मोठे केले तर थोडी मदत होते, पण गेलेली फट परत येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि आकड्यांच्या कडांभोवती राखाडी धूर दिसू लागतो. दुकानदाराला "डॉक्युमेंट करके भेजिए" एवढे सांगा. तसे पाठवले की मूळ फाइल जशीच्या तशी येते. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो हा सगळ्यात वाईट. त्यात पडद्याच्या बारीक रेघा उमटतात, कडेच्या ओळी वाकतात आणि दशांश चिन्ह हमखास हरवते.

कोणते अंक जास्त चुकतात?

मी चुकांचे दोन गट करते, कारण त्या पकडण्याची रीत वेगळी आहे.

पहिला गट अंकाच्या जागी अक्षर येण्याचा. 0 चा `O`, 1 चा `l` किंवा `I`, 5 चा `S`, 8 चा `B`. ही चूक ओरडते. शीट अशा चौकटीला आकडा मानत नाही, ती मजकूर म्हणून डावीकडे सरकून बसते आणि तिच्यावर गुणाकार केला तर `#VALUE!` येते. फक्त एक धोका असतो. `SUM` मजकुराची तक्रार करत नाही, ती चौकट गुपचूप सोडून देते.

दुसरा गट अंकाच्या जागी दुसराच अंक येण्याचा. 3 चा 8, 6 चा 8, 5 चा 6, 1 चा 7, आणि उलटही. ही चूक गप्प बसते. 5,430 च्या जागी 5,480 आले तर शीटला त्यात काहीच वावगे दिसत नाही आणि माणसालाही नाही. दोन्ही रकमा तितक्याच खऱ्या वाटतात. याच गटात दशांश चिन्ह हरवण्याची चूक येते. ठिपका हा चित्रातला सगळ्यात लहान डाग, तो धूळ समजून टाकला जातो आणि 44.50 चे 4450 होतात.

पहिल्या गटासाठी एक सूत्र पुरते. दुसऱ्या गटासाठी बिलातलेच गणित साक्षीला बोलवावे लागते.

एखादे बिल पूर्ण तपासून दाखवाल का?

हे उदाहरण बघा. दर करासहित धरले आहेत, म्हणजे वेगळी कराची ओळ नाही. ओसीआरमधून शीटमध्ये असे उतरले:

| क्र. | माल | किलो/लिटर | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|
| 1 | तूरडाळ | 35 | 138.00 | 4,830.00 |
| 2 | तांदूळ | 60 | 62.50 | 3,750.00 |
| 3 | साबूदाणा | 28 | 56.00 | 1,568.00 |
| 4 | साखर | 45 | 4450 | 2,002.50 |
| 5 | शेंगदाणा तेल | 30 | 181.00 | 5,480.00 |
| 6 | बेसन | 18 | 96.00 | l,728.00 |
| 7 | रवा | 25 | 43.00 | 1,075.00 |
| 8 | तूप | 12 | 615.00 | 7,330.00 |
| | एकूण | | | 27,763.50 |

पुढे वाचण्याआधी एकदा नुसत्या नजरेने चुका शोधून पाहा. साखरेचा दर कुणाच्याही डोळ्यांत भरतो, कारण चार हजार रुपये किलोने साखर कुठेच मिळत नाही. बाकी तीन चुका आहेत आणि त्या नजरेला सहज सापडत नाहीत.

शीर्षकाची ओळ पहिली, म्हणून माल दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत आहे आणि एकूण दहाव्या ओळीत. आधी उभी बेरीज बघू या. कुठल्याही मोकळ्या चौकटीत हे लिहा:

```
=E10-SUM(E2:E9)
```

उत्तर शून्य यायला हवे. इथे 1,728.00 येते. फरक जेव्हा एखाद्या ओळीच्या रकमेइतकाच असतो, तेव्हा ती ओळ बेरजेत धरलेलीच नसते. बेसनाच्या रकमेकडे पाहा, सुरुवातीला 1 नसून इंग्रजी लहान `l` आहे. मोठ्या यादीत अशी चौकट डोळ्यांनी शोधण्यापेक्षा शेजारच्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढावे, जिथे `FALSE` येईल तिथे मजकूर बसला आहे:

```
=ISNUMBER(E2)
```

`l` काढून 1 लिहिला की फरक शून्य होतो. बहुतेक लोक इथे थांबतात. बेरीज जुळली, बिल बरोबर, पैसे द्या. पण अजून दोन रकमा चुकीच्या आहेत.

आता आडवा गुणाकार पाहा. `F2` मध्ये हे लिहून `F9` पर्यंत ओढा:

```
=ROUND(C2*D2-E2,2)
```

तूरडाळ, तांदूळ, साबूदाणा, बेसन, रवा यांच्यासमोर शून्य येते. साखरेसमोर 198247.5 येते, तेलासमोर -50 आणि तुपासमोर 50. तेलाची रक्कम 5,430 होती, तिच्यातला 3 हा 8 म्हणून वाचला गेला आणि ५० रुपये वाढले. तुपाची 7,380 होती, तिथे 8 हा 3 म्हणून वाचला गेला आणि ५० रुपये घटले. एकीकडे वाढले तेवढेच दुसरीकडे कमी झाले, म्हणून उभ्या बेरजेला काहीच कळले नाही. हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही. एकाच फॉन्टमधले तेच दोन अंक पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि दशकाच्या जागी 3-8 ची अदलाबदल झाली की फरक नेहमी ५० चाच येतो.

मग उभ्या बेरजेची गरजच काय? गुणाकार पुरेसा नाही का?

नाही. गुणाकाराला न दिसणाऱ्याही दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे गळालेली ओळ. समजा रव्याची अख्खी ओळ चित्राच्या घडीत गेली आणि शीटमध्ये आलीच नाही. उरलेल्या प्रत्येक ओळीचा गुणाकार बरोबर येईल. ओळ हरवल्याचे फक्त बेरीज सांगते, किंवा अनुक्रमांक सांगतो.

दुसरी जास्त फसवी आहे. ज्या ओळीत नग एकच असतो, तिथे दर आणि रक्कम हे एकच आकडा असतात. तुपाचा एकच डबा 615.00 चा असता तर तो आकडा दोनदा छापला गेला असता, त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात. जो प्रोग्राम पहिल्या जागी 6 ला 8 समजतो तो दुसऱ्या जागीही तसेच समजण्याची शक्यता असते. मग 1 गुणिले 815 बरोबर 815 आणि तुमच्या सूत्राला शून्य मिळते. इथे उभी बेरीजच २०० रुपयांचा फरक दाखवते. म्हणून आडवे आणि उभे दोन्ही लावा, आणि ज्या ओळीत नग 1 आहे ती चित्राशी डोळ्यांनी ताडून पाहा.

फरक आला, पण चूक कोणत्या चौकटीत आहे हे कसे कळणार? वजन, दर की रक्कम?

तेलाचीच ओळ घ्या. 30, 181.00 आणि 5,480.00 यांतला एक आकडा चुकला आहे. रक्कम बरोबर धरली तर दर 5480 भागिले 30, म्हणजे 182.67 हवा. वजन चुकले म्हणावे तर 5480 भागिले 181, म्हणजे साधारण 30.28 लिटर. बाजारात असे दर आणि अशी मापे नसतात. रक्कम 5,430 धरली की सगळे स्वच्छ बसते. म्हणजे संशय रकमेवर.

फरकाचा आकडाही बोलतो. ५, ५०, ५०० असा फरक आला तर 3-8 पाहा. १, १०, १०० आला तर 5-6. ६, ६०, ६०० आला तर 1-7 किंवा 0-6. दशांश चिन्ह हरवले असेल तर वाचलेला आकडा खऱ्याच्या १०० पट होतो, म्हणून तो १०० ने भागून पाहा. साखरेत 4450 भागिले १०० केले की 44.50, आणि 45 गुणिले 44.50 बरोबर 2,002.50.

पण हा फक्त संशय आहे. यावरून चौकट बदलू नका. मूळ चित्र उघडा, ती ओळ मोठी करा आणि तिथे काय छापले आहे ते वाचा.

गणिताने उत्तर मिळालेच आहे, तर चित्र पुन्हा कशाला बघायचे?

कारण बिलही चुकलेले असू शकते. दुकानात कुणी घाईत दर हाताने बदलला आणि रक्कम जुनीच राहिली, असे होते. चित्रात खरोखरच 5,480 छापले असेल तर शीटमध्ये 5,480 च राहिले पाहिजे, शेजारी "बिलात फरक ५०, दुकानदाराला विचारणे" असा शेरा लिहून. तुम्ही गणितावर विसंबून 5,430 केले तर दुकानदाराची चूक कायमची पुसली गेली आणि वर्षअखेरीस त्याच्या खात्याशी आपले खाते जुळणार नाही.

याच कारणाने रकमेच्या रकान्यात `=C2*D2` लिहून तो "आपोआप बरोबर" करण्याचा मोह टाळा. पुष्कळ हुशार मुले हे पहिल्या मिनिटाला करतात. तसे केले की प्रत्येक ओळ जुळते, कारण तिला स्वतःशीच ताडून पाहिले जाते, आणि वजनाच्या किंवा दराच्या चुकीला साक्षीदारच उरत नाही. छापलेली रक्कम तशीच ठेवा, गुणाकार शेजारच्या रकान्यात करा.

₹ चिन्ह आणि "/-" यांचे काय होते?

₹ हे चिन्ह कधी 7, कधी 2 म्हणून वाचले जाते आणि आकड्याच्या डोक्यावर एक जादा अंक येऊन बसतो. ₹615.00 चे 7615.00 होतात. इथे स्वल्पविराम मदतीला येतो. ज्या बिलात इतर सगळ्या हजारांना स्वल्पविराम आहे, तिथे एकच चार अंकी आकडा त्याशिवाय दिसला तर पहिला अंक बहुधा ₹ चा आहे. पण ₹4,830 चे 74,830 झाले तर स्वल्पविरामही गप्प राहतो आणि मग गुणाकारच पकडतो.

हाताने लिहिलेल्या पावतीवरचे 500/- हे 5001 किंवा 5001- असे येऊ शकते. वर्गणीच्या यादीत 5001 ही अगदी शोभणारी रक्कम असते, लोक सव्वा-एकावन्न-पाचशे एक अशाच रकमा देतात, म्हणून हा घोळ आपल्याकडे विशेष सांभाळायला हवा. `/-` लिहिलेली यादी असेल तर 1 ने संपणारी प्रत्येक रक्कम चित्राशी ताडून पाहा.

स्वल्पविरामाच्या जागी ठिपका वाचला गेला की 27,763.50 चे `27.763.50` होते आणि शीट त्याला मजकूर मानते. तो `ISNUMBER` मध्ये सापडतो. आकडा दिसायला बरोबर असून `FALSE` येत असेल तर त्यात न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते. ती अशी काढता येते:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(E2,UNICHAR(160),""),",",""))
```

यादी देवनागरी अंकांत असेल तर?

जुन्या मराठी वह्या आणि काही मंडळांचे छापील अहवाल देवनागरी अंकांत असतात. तिथे गोंधळणाऱ्या जोड्या वेगळ्या आहेत. १ आणि ९ यांची गल्लत होते आणि ३ आणि ६ यांचीही. १ चा ९ झाला तर फरक ८, ८०, ८०० असा येतो. ३ चा ६ झाला तर ३, ३०, ३००. वाचलेले अंक शीटमध्ये मजकूर म्हणून बसले असतील तर शोधा-आणि-बदला वापरून ० ते ९ हे दहाही अंक एकेक करून इंग्रजी अंकांत बदला आणि मग वरचीच तपासणी लावा. हे सगळे छापील अक्षरांपुरते. हाताने लिहिलेली मोडी वळणाची जुनी वही असेल तर ओसीआरच्या नादी लागू नका.

प्रोग्रामने शंकेच्या चौकटी रंगवल्या होत्या, त्या सगळ्या मी तपासल्या. तेवढे पुरे नाही का?

रंगवलेली चौकट म्हणजे जिथे प्रोग्रामला स्वतःला खात्री वाटली नाही ती जागा. 3 ची फट चित्रात बुजली असेल तर त्याला तो स्वच्छ 8 दिसतो आणि तो पूर्ण खात्रीने 8 लिहितो. रंगवलेल्या चौकटी जरूर बघा, पण न रंगवलेल्या बरोबर आहेत असे धरू नका.

कधी कधी चूक वाचणाऱ्याची नसतेच, चित्रातच असते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणक-तज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनिंग यंत्रे कागदावरचा 6 स्कॅनमध्ये 8 करून टाकत होती. तिथे अक्षर-ओळख चालूच नव्हती. फाइल लहान करण्याच्या पद्धतीत सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांच्या जागी एकच आकृती वापरली जात होती, म्हणून चुकलेला अंक अगदी सुबक दिसायचा. स्कॅन केलेले बिल असेल आणि गणित जुळत नसेल, पण चित्र स्वच्छ दिसत असेल, तर मूळ कागद मागवा.

ज्या यादीत गुणाकार-बेरीज काहीच नाही, ती कशी तपासायची?

तिथे आकड्याच्या ठेवणीचा आधार घ्यायचा. मोबाइल नंबर १० अंकी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. इंदूर शहराचा पिन 452 ने सुरू होतो. जीएसटी क्रमांक १५ खुणांचा असतो आणि मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्याचा 23 ने सुरू होतो, गुजरातच्याचा 24 ने, महाराष्ट्रातल्याचा 27 ने. बँकेच्या आयएफएससी कोडात ११ खुणा असतात आणि पाचवी खूण नेहमी शून्य असते, `O` नव्हे. लांबी तपासायला `=LEN(B2)` पुरते. खाते क्रमांकांचा रकाना चिकटवण्याआधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्ये उडतात आणि एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते.

पण ठेवण बरोबर असूनही अंक चुकू शकतो. मोबाइल नंबरातल्या मधल्या 3 चा 8 झाला तर १० अंक १० च राहतात. इथे दोघांनी बसणे हाच उपाय. एकाने शीटमधला नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ चित्रात बोट ठेवून ऐकायचे. अंक सुटे वाचा, "नऊ, आठ, दोन" असे. "अठ्ठ्याण्णव" म्हटले की ऐकणाऱ्याला एकोणनव्वद आणि अठ्ठ्याऐंशी यांत अडखळायला होते, आणि आपल्याकडे निम्मी मुले मोजणी हिंदीत शिकलेली असतात.

दुसऱ्या प्रोग्रामने पुन्हा वाचून दोन्ही शीट `=EXACT(B2,G2)` ने ताडून पाहणे हीही चांगली चाळणी आहे, जिथे ते वेगळे वाचतात तिथे नक्की पाहायला हवे. जिथे दोघे एकच वाचतात तिथे मात्र निश्चिंत होऊ नका. धूसर चित्र दोघांनाही त्याच जागी फसवते.

सरळ हातानेच लिहिले तर?

वर दाखवल्यासारखे आठ-दहा ओळींचे बिल असेल तर हातानेच लिहा. तेवढ्यात चित्र कापणे, चढवणे आणि चौकटी निस्तरणे यांतच वेळ जातो. चाळीस ओळींच्या पुढे ओसीआरचा फायदा दिसू लागतो. पण हाताने लिहिले म्हणून तपासणी सुटत नाही, फक्त चुकांचा प्रकार बदलतो. माणूस 3 चा 8 क्वचित करतो, पण शेजारचे दोन अंक उलटे लिहितो, 1,568 चे 1,658. असा फरक नेहमी ९ ने भागला जातो. इथे 90. उभ्या बेरजेत ९ ने भाग जाणारा फरक आला तर आधी उलटलेले अंक शोधा, आणि आडव्या गुणाकाराचे तेच सूत्र ती ओळ दाखवून देईल.